'कुंथू नका' एवढं सांगून भागत नाही: गरोदर बायकांच्या वर्गातली दहा मिनिटं

सुईदोरा

मी परिचारिका आहे. आमच्याकडे गरोदर बायकांचा वर्ग चालतो. चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंतच्या पंधरा-सोळा जणी असतात, काहींचे नवरेही येतात. पुढच्या वेळी बद्धकोष्ठ आणि कुंथणं या विषयावर मला दहा मिनिटं बोलायचंय. मागच्या तुकडीत हे भाषण साफ पडलं. मी पाणी, चोथा, चालणं, 'कुंथू नका' असं सगळं एका दमात सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एकीने विचारलं, "कुंथायचं नाही तर मग ते बाहेर कसं यायचं?" माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

या वेळचा कच्चा आराखडा असा:

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्याचे स्नायू सैलावतात. मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळतो, तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. त्यात लोहाच्या गोळ्या, आणि पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब. म्हणून चोथा वाढवा, पाणी प्या, चाला, कळ आली की थांबवू नका, कुंथू नका.

यात काय गाळू आणि काय घालू? आणि त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर काय?

---

पाणीदार

सुईदोरा, उगाच किचकट करताय. सगळं पाण्यावर आहे. माझ्या बायकोला दोन्ही वेळेस दिवसाला चार लिटर पाणी पाजलं, कधी त्रास नाही. वर्गात एवढंच सांगा. आणि कुंथू नका हे मात्र दरडावूनच सांगा, कुंथल्याने गर्भ पडतो.

---

तळमजला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. (नाव त्यावरूनच घेतलंय, हसू नका.)

पाणीदार, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाणी कमी पडत असेल तर मळ घट्ट होतो हे खरं. उलट्या होणाऱ्या, किंवा सारखं लघवीला लागतं म्हणून मुद्दाम कमी पिणाऱ्या बाईला पाणी वाढवल्यावर फरक पडतोच. पण जिला पुरेसं मिळतंय तिने आणखी दोन लिटर ओतले तर ते मूत्रपिंडातून निघून जातं, आतड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दिवसभरात दोन-सव्वादोन लिटर पातळ पदार्थ, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे झालं.

गर्भ पडण्याचं मात्र कृपा करून कुठेही सांगू नका. शौचाला जोर दिल्याने गर्भपात होत नाही. ही भीती बसलेली बाई करते काय, तर कळ आली तरी दाबून धरते. मळ आत आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोर लावावा लागतो. कुंथण्याचं खरं नुकसान वेगळ्या जागी होतं. गुदद्वाराच्या शिरा फुगून मूळव्याध होते, घट्ट खड्याने कातडीला चीर पडते, आणि बाळाचं वजन आधीच पेलणाऱ्या तळाच्या स्नायूंवर रोज वरून दाब येतो.

सुईदोरा, तुमच्या आराखड्यात चूक काही नाही, पण दहा मिनिटांत पाच गोष्टी सांगाल तर घरी एकही पोचणार नाही. चोथा आणि पाणी हे त्यांनी कुठे ना कुठे वाचलेलंच असतं. कमोडवर बसल्यावर शरीराने काय करायचं, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. माझं मत विचाराल तर सात मिनिटं त्यालाच द्या.

---

अजून_एक_बाबा

आम्हाला सातवा महिना आहे. आमच्या वर्गात तर सांगितलं की कळा आल्या की श्वास रोखून हनुवटी छातीला लावून जोर द्यायचा. तुम्ही म्हणताय जोर देऊ नका. नक्की काय करायचं?

---

सुईदोरा

बाबा, तुम्ही बाळंतपणाच्या जोराबद्दल बोलताय, इथे संडासातल्या जोराची चर्चा चाललीय. प्रसूतीत जोर कधी आणि कसा द्यायचा हे तेव्हा समोरची सुईण किंवा डॉक्टर सांगतील. त्याचा सराव रोज सकाळी कमोडवर करू नका म्हणावं.

(पण हा गोंधळ माझ्या वर्गातही होणार. टिपून ठेवते.)

---

तळमजला

हा गोंधळ फार जणींचा होतो. त्याहून मोठा एक गोंधळ आपण शिकवणारेच करतो. सुईदोरा, तुम्ही याच वर्गात तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवता ना? "लघवी रोखल्यासारखं वर ओढा" वगैरे?

---

सुईदोरा

हो, दर वर्गात. दहा वेळा आवळणं, दहा वेळा सोडणं.

---

तळमजला

तिथेच मेख आहे. 'आवळा' हे शिकवताना आपण आवाज चढवतो, मोजतो, शाबासकी देतो. 'सोडा' हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतो. मग ती मन लावून करणारी बाई संडासातही तेच करते. वरून जोर लावते आणि खालून दार ओढून धरते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी ढकलताना नेमक्या आवळत असतात, आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो.

आतली रचना अशी. मोठ्या आतड्याच्या शेवटाला एका स्नायूचा पट्टा मागून वेढा घालून पुढे खेचून धरतो. त्यामुळे नळीला वळण पडतं आणि आपण दिवसभर निर्धास्त हिंडतो. शौचाच्या वेळी हा पट्टा ढिला पडला की वळण सरळ होतं. गुडघे कमरेच्या वर आले की ते आणखी सरळ होतं. उकिडवं बसणाऱ्यांना हे आपोआप मिळतं. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली वीतभर उंचीचं, साधारण १५ ते २० सेंटिमीटरचं स्टूल घ्यायचं.

बसायचं असं: पावलं स्टुलावर टेकवून गुडघे फाकवायचे, म्हणजे पोटाला मध्ये जागा मिळते. कमरेतून पुढे झुकायचं, पाठ सरळ ठेवायची, कोपरं मांड्यांवर. जबडा सैल. पोट आत ओढायचं नाही, उलट पुढे सोडून द्यायचं आणि कंबर दोन्ही बाजूंनी रुंद होऊ द्यायची. मग तोंड किंचित उघडून 'हूऽऽ' असा लांब, जाडसर आवाज काढत श्वास सोडायचा. श्वास सुटत असेल तर रोखलेला नसतो, आणि श्वास रोखल्याशिवाय खरं कुंथता येत नाही. त्या बाईचं उत्तर हे आहे. दाब द्यायचाच आहे, पण श्वास चालू ठेवून आणि खालचं दार उघडं सोडून.

असे चार-पाच श्वास झाले की जरा थांबायचं. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठायचं. पुढची कळ येईल तेव्हा परत.

---

रानजाई

हे मला बाविसाव्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर! माझी चित्तरकथा लिहिते, वर्गात नाव न घेता वापरली तरी चालेल.

विसाव्या आठवड्यात लोहाची गोळी सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बकरीच्या लेंड्यांसारखं होऊ लागलं, तेही दिवसाआड. मी वाचलं की चोथा वाढवा. मी कामाला लागले तर अर्धवट लागत नाही, त्यामुळे थेट चार मोठे चमचे कोंडा रोज सकाळी. ऑफिसात सारखं लघवीला उठायची लाज वाटायची म्हणून पाणी मात्र दुपारनंतर जवळजवळ बंद. तीन दिवसांत पोट ढोलासारखं. पाच दिवस शौचाला झालंच नाही. मग फोन घेऊन अर्धा-अर्धा तास कमोडवर. सहाव्या दिवशी झालं तेव्हा काच कापल्यासारखं दुखलं आणि कागदाला लालभडक रक्त.

मला वाटलं बाळाचं काहीतरी. रडतच डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं, चीर पडली होती. कोंडा बंद करायला लावला याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. लॅक्ट्युलोजचं पातळ औषध दिलं, १५ मिली दोन वेळा. पहिल्या दिवशी काहीच फरक नाही, फक्त गॅस. दुसऱ्या दिवशी रात्री सुटका. पुढे आठवडाभराने कोंडा पुन्हा, पण एक चमचा आणि त्यासोबत पेला भरून पाणी. लोहाची गोळी बदलून दिली. चीर भरायला तीनेक आठवडे गेले. त्या काळात शौचाला जायचं म्हटलं की घाम फुटायचा.

---

तळमजला

रानजाई, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखीच आहे, कारण तुम्ही आळस केला नव्हता, उलट सल्ला मनापासून पाळला होतात.

खाली आधीच सुकलेला गोळा बसलेला असताना वरून कोंडा घातला. कोंडा पाणी धरून फुगतो. ते पाणी पोटात नव्हतं, म्हणून तो नुसता लगदा झाला आणि गर्दी वाढली. अशा वेळी आधी खालची वाट मोकळी करायची, आणि मग चोथा, तोही दर तीन-चार दिवसांनी थोडा थोडा वाढवत. डॉक्टरांनी कोंडा थांबवला तो यासाठी.

चीर पडल्यावर जे चक्र सुरू होतं तेही सांगा. दुखेल म्हणून बाई टाळते, टाळल्याने खडा वाढतो, खड्याने चीर पुन्हा उकलते. म्हणून चीर असताना मळ मऊ ठेवणं हाच मोठा उपचार. कोमट पाण्यात दहा मिनिटं बसल्याने आवळलेला स्नायू सैल पडतो, दुखणंही कमी होतं.

---

खलबत्ता

औषधांच्या दुकानात बसतो, म्हणून औषधांपुरतं बोलतो.

इसबगोल गरोदरपणात चालतं, पण ते कोरडं गिळून वर घोटभर पाणी पिणारे लोक मी रोज पाहतो. पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी, आणि झोपताना घ्यायचं नाही. परिणामाला दोन-तीन दिवस लागतात. आज घेऊन उद्या "लागू पडलं नाही" म्हणत परत येऊ नका. लॅक्ट्युलोजलाही दोन दिवस द्यायला लागतात. सोनामुखी किंवा तसली आतड्याला चिमटा काढणारी औषधं डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि थोडे दिवस. एरंडेल मात्र अजिबात नको. त्याने गर्भाशयही चाळवू शकतं. 'घरगुती आहे, काय होतंय' म्हणून बायका ते घेतात, हे वर्गात स्पष्ट बोला.

लोहाबद्दल: गोळी मनाने बंद करू नका. दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि त्रासही कमी, असं आता बरंच दिसलंय. डॉक्टरांना तसं विचारा.

---

तळमजला

खलबत्ता, इथे मी जरा सावध राहीन. एका गोळीनंतर शरीर पुढच्या गोळीतलं लोह कमी घेतं, म्हणून दिवसाआडची कल्पना आली, हे बरोबर. पण ते अभ्यास बहुतेक गरोदर नसलेल्या बायकांवरचे. जिचं हिमोग्लोबिन आधीच खाली गेलंय आणि हातात दहा आठवडे आहेत, तिला दिवसाआड पुरेल का हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. भर वर्गात हे सांगितलं की निम्म्या जणी घरी जाऊन स्वतःच गोळी अर्धी करतील.

---

खलबत्ता

पण न सांगितल्याने ज्या गोळ्या गुपचूप कचऱ्यात जातात, त्याचं काय? माझ्याकडे 'संपल्या' म्हणून येणाऱ्यांपैकी किती जणींनी खरंच खाल्ल्या असतील, याची मला शंकाच आहे. दिवसाआड खाल्लेली गोळी फेकलेल्या गोळीपेक्षा बरी.

---

सुईदोरा

दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. मी एवढंच म्हणेन: "गोळीने त्रास होत असेल तर बंद करण्याआधी सांगा, बदलण्याजोगं बरंच असतं." शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो तो लोहाचा, घाबरू नका, हेही घालते. डांबरासारखा चिकट, घाण वासाचा काळा असेल तर मात्र दाखवा.

तळमजला, 'सोडणं' खुर्चीवर बसून सगळ्यांसमोर कसं शिकवू? तिथे नवरेही असतात.

---

तळमजला

टॉवेलची लांबट गुंडाळी करून खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवा आणि तिच्यावर बसवा, कपड्यांसकट. आधी आवळायला सांगा, खालचा भाग टॉवेलपासून उचलल्यासारखा वाटेल. मग सोडायला सांगा. मग एक हात कमरेच्या बाजूला, दुसऱ्या हाताची मूठ तोंडाला लावून फुगा फुगवल्यासारखं मुठीत फुंकायचं. कमरेवरच्या हाताला कंबर बाहेर ढकलली जाताना जाणवते, आणि खाली टॉवेलवर किंचित भार येतो. जिला तो भार येतोय तिला कळलं. जिला उलट टॉवेलपासून वर उचलल्यासारखं वाटतं, ती फुंकताना आवळतेय. तिने मूठ सोडून 'हूऽऽ' करून पाहावं. तरी जमलं नाही तर तिला वर्गानंतर वेगळं बघायला हवं, सगळ्यांत नाही.

नवऱ्यांनाही करू द्या. बायका कमी लाजतात.

---

गुडघेदुखी

नवव्या महिन्यात आहे. स्टुलावर पाय ठेवून पुढे झुकलं की पोट मांड्यांवर आपटतं आणि दम लागतो. उकिडवं तर बसताच येत नाही, उठायला दोन माणसं लागतील. मग आम्ही काय करायचं?

---

तळमजला

स्टूल बुटकं घ्या, दहा-बारा सेंटिमीटरचं चालेल. दोन पायांना दोन वेगळे ठोकळे ठेवले तर गुडघे अधिक फाकवता येतात. पुढे झुकणं नावापुरतं, हात मांड्यांवर टेकून. दम लागत असेल तर झुकूच नका, श्वास मोकळा राहणं जास्त महत्त्वाचं. उकिडवं बसायचा हट्ट मुळीच नको. सरळ बसून 'हूऽऽ' केलंत तरी निम्मं काम होतं.

वेळही पाळून बघा. जेवल्यावर मोठं आतडं जागं होतं, सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर सगळ्यात जास्त. पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन बसा, कळ नसली तरी. फोन बाहेर ठेवून.

---

सुईदोरा

झालं भाषण! खबर देते.

रानजाईची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, कोंड्याच्या चार चमच्यांपर्यंत आल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, म्हणजे घरोघरी तेच. मग टॉवेल. मुठीत फुंकताना एका नवऱ्याचा तोल गेला आणि वर्ग मोकळा झाला. सोळांपैकी पाच जणी म्हणाल्या की फुंकताना वर उचलल्यासारखं वाटतं. 'हूऽऽ' केल्यावर तिघींना खाली भार जाणवला. दोघींना नाही.

चोथ्याला एकच मिनिट दिलं: फळं, भाज्या, डाळी, सालासकट धान्य, आणि वाढवायचं हळूहळू. दाखवायला कधी यायचं हेही सांगितलं. रक्त दिसलं तर, पोटात जोराच्या कळा आणि उलट्या होऊन गॅसही सरत नसेल तर, आणि बरेच दिवस खडा असताना अचानक पातळ गळायला लागलं तर. ते शेवटचं कुणालाच माहीत नव्हतं. खड्याच्या बाजूने पातळ मळ गळतो आणि बाई जुलाबाचं औषध घेऊन बसते.

वर्ग संपल्यावर एक जण मागे थांबली. दुसरं बाळंतपण. सगळे गेल्याची खात्री करून म्हणाली की पहिल्या बाळापासून तिला योनीच्या मागच्या बाजूने बोटाने दाबल्याशिवाय शौचाला होत नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाठवतेच आहे, पण तिला काय म्हणायचं मला सुचेना.

---

तळमजला

तिला सांगा की हे बऱ्याच जणींना होतं आणि त्याला कारण आहे. मलाशय आणि योनी यांच्यामधला पडदा सैल पडला की जोर दिल्यावर मळ खाली सरकण्याऐवजी पुढे योनीच्या बाजूला फुगवटा करतो. बोटाने दाबल्यावर तो फुगवटा बसतो आणि वाट सरळ होते. म्हणजे तिने स्वतःच उपाय शोधून काढला होता, त्यात घाण किंवा विचित्र काही नाही. स्वच्छ हाताने तो आधार द्यायला हरकत नाही. जोराने कुंथण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मळ मऊ ठेवणं तिला इतरांपेक्षा जास्त गरजेचं. आणि प्रसूतीआधी तिच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं.

आवळायचा व्यायाम तिने चालू ठेवावा की आधी सोडणं शिकावं, हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.

---

रानजाई

मलाही एक विचारायचं होतं. बाळंतपणानंतर टाके असताना पहिल्यांदा जायची धास्ती आत्तापासूनच वाटतेय. त्याचं काय?

---

तळमजला

स्वच्छ पॅडची घडी टाक्यांवर पुढून हलकेच दाबून धरा आणि 'हूऽऽ' करा. त्या आधाराने टाके ओढल्यासारखे वाटत नाहीत. मळ मऊ करायचं औषध पहिल्या दिवसापासून हवं का, ते प्रसूतीच्या आधीच विचारून ठेवा.

---

पाणीदार

बायकोला हा धागा दाखवला. म्हणाली, "चार लिटरमुळे मला काही झालं नाही असं तुला वाटतं." पुढे काही बोलली नाही.